समृद्धी महामार्ग झाला, मग विदर्भ-मराठवाड्याचं अंतर मिटेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाभा आणि परिघ म्हणजे नेमकं काय?

देशात किंवा राज्यात जिथे भांडवल, बँका, मुख्यालयं, बंदर, कुशल कामगार आणि निर्णय घेणारी माणसं एकत्र असतात तो गाभा. जिथून कच्चा माल, मजूर आणि शिकलेली पोरं बाहेर पडतात आणि तयार माल आत येतो तो परिघ. इटलीत मिलान-तोरिनो आणि दक्षिणेचा भाग अशी जोडी आहे, आपल्याकडे मुंबई-ठाणे-पुणे आणि विदर्भ-मराठवाडा-नंदुरबार. दरडोई उत्पन्नाच्या यादीत मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, वाशिम, गडचिरोली तळाशी, हे चित्र राज्याच्या आर्थिक पाहणीत वर्षानुवर्षं दिसतं.

नकाशावरचं अंतर आणि हे अंतर एकच नाही. नागपूर मुंबईपासून लांब आहे, पण विदर्भापुरतं ते स्वतःच गाभा आहे. उलट, पुणे विभागातच असलेले जत, आटपाडी, माण हे तालुके पुण्यापासून काही तासांवर असूनही परिघात मोडतात.

श्रीमंत भाग अधिक श्रीमंत का होत जातो? कधीतरी समतोल यायला नको का?

पुस्तकी उत्तर असं की मजुरी आणि जमीन स्वस्त असेल तिकडे भांडवल जातं आणि दोन्ही भाग हळूहळू सारखे होतात. स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये याला उलटं उत्तर दिलं. गाभ्याच्या वाढीतून दोन प्रवाह निघतात. एक बाहेर पसरतो: परिघातल्या मालाला मागणी येते, काही उद्योग बाहेर सरकतात. दुसरा आत ओढतो: परिघातला होतकरू तरुण, तिथली बचत आणि तिथल्या छोट्या उद्योगाचं गिऱ्हाईक गाभ्याकडे जातं. बाजार मोकळा सोडला तर गरीब देशांत दुसरा प्रवाह सहसा जोरदार ठरतो, असं त्यांचं म्हणणं.

यवतमाळमध्ये शिकलेला अभियंता हिंजवडीत नोकरीला लागतो. त्याच्या शिक्षणाचा खर्च यवतमाळच्या घराने केला, त्याचं भाडं, किराणा आणि गृहकर्जाचे हप्ते मात्र पुण्यात फिरतात. तो घरी पैसे पाठवतो हे खरं, पण पुढच्या कारखान्याला कुशल माणूस हवा असेल तेव्हा तो कारखाना पुण्याकडेच बघणार. बीडचे ऊसतोड कामगार दर हंगामात पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात, तीही हीच ओढ, फक्त सर्वात खालच्या पायरीवरची.

रस्ते किंवा रेल्वे आली की दोन्ही भागांचा फायदा होतो ना? याआधी तसं झालं आहे का?

वऱ्हाडाचं उदाहरण बघा. जीआयपी रेल्वे मुंबईहून निघून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मुख्य मार्गापासून खामगाव आणि अमरावतीला फाटे काढले गेले, आणि ते कशासाठी हे कुणी लपवलं नव्हतं: कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते ६५) इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो बंदरापर्यंत लवकर नेणं हा रेल्वेचा धंदा झाला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद गेजची शकुंतलाही याच कामासाठी टाकली गेली.

रुळावरून गाठी मुंबईला गेल्या आणि त्याच डब्यांतून गिरणीचं सूत-कापड परत आलं. वऱ्हाडातली हातकताई बसली. पीक वाढलं, जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, व्यापारी गबर झाले. पण कापडाचा धंदा, म्हणजे ज्यात खरा पैसा आहे तो टप्पा, मुंबईत आणि विलायतेत राहिला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती खोटी ठरेल. त्याच रेल्वेवर, त्याच कापसाच्या भरवशावर, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का? कापूस दारात, कोळसा जवळ आणि रेल्वेने बाजार हाताशी. म्हणजे एकाच मार्गाने एक भाग रिकामाही केला आणि त्याच मार्गाने तिथे गिरणीही आणली. फरक पडला तो मार्गाच्या टोकाला कुणी भांडवल आणि यंत्रं घेऊन बसलं होतं का, यावर.

वाहतूक स्वस्त झाली तर मागास भागातला कारखाना का बंद पडावा? हे उलटं वाटतं.

आकडे मांडून बघू. खालचे आकडे काल्पनिक आहेत, हिशोब समजावा म्हणून घेतलेले.

समजा हिंगोलीत एक छोटा बिस्किटांचा कारखाना आहे. पुडा २० रुपयांत पडतो. पुण्यातला मोठा कारखाना तोच पुडा १५ रुपयांत काढतो, कारण त्याची यंत्रं मोठी आणि मैदा-साखरेची खरेदी घाऊक. रस्ता वाईट असताना पुण्याहून हिंगोलीला पुडा पोचवायला ७ रुपये लागतात. तिथे पोचलेला पुण्याचा पुडा २२ रुपयांना पडतो आणि हिंगोलीवाला तरतो. खड्डे हीच त्याची जकात होती म्हणा.

आता रस्ता सुधारला. भाडं ४ रुपयांवर आलं. पुण्याचा पुडा १९ ला मिळू लागला. हिंगोलीकर गिऱ्हाईक खूश, पण कारखाना आणि त्यातल्या पंधरा-वीस नोकऱ्या गेल्या. तत्त्वतः रस्ता दोन्ही बाजूंनी खुला आहे. पण २० रुपयांचा पुडा ४ रुपये भाडं भरून पुण्यात २४ ला कोण घेणार?

तिसरी पायरी आणखी पुढे. भाडं १ रुपयावर आलं. दरम्यान पुण्यात जमीन, पाणी, मजुरी महागली आणि तिथला खर्च १८ वर गेला. आता कुणी तोच मोठा कारखाना, त्याच मोठ्या यंत्रांसह, हिंगोलीत १५ ला चालवू शकला तर पुण्याच्या बाजारातही त्याचा पुडा १६ ला पडेल. इथे उद्योग परिघाकडे सरकू लागतो.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांच्या १९९१ च्या मांडणीपासून सुरू झालेल्या अभ्यासशाखेत हा क्रम नेमका बसवला आहे: भाडं खूप जास्त असताना विषमता कमी, मध्यम पातळीला आलं की ती वाढते, आणि अगदी कमी झाल्यावर ती घटू शकते. 'शकते' म्हणतोय, कारण तिसऱ्या पायरीसाठी भाड्याखेरीज पाणी, वीज, कुशल माणूस आणि दुरुस्ती करणारा फिटरही लागतो. आपले बहुतेक मागास तालुके दुसऱ्या पायरीवर अडकले आहेत, असं माझं मत आहे.

समृद्धी महामार्गामुळे विदर्भ-मराठवाड्याला काय मिळालं?

७०१ किलोमीटरचा मार्ग. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये. नागपूर-मुंबई प्रवास सोळा तासांवरून आठ तासांच्या आसपास आला. नाशवंत मालाला, औषधांना, तातडीने लागणाऱ्या सुट्या भागांना हा मोठाच फरक आहे.

पण हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे. इंटरचेंज असेल तिथेच चढता-उतरता येतं. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना बंदी. इंटरचेंजपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावातल्या शेतकऱ्याकडे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर-ट्रॉली असेल तर त्याच्यासाठी हा रस्ता म्हणजे शेतातून गेलेली उंच भिंत, जिच्याखालच्या बोगद्यातून पलीकडच्या वावरात जायचं. जुन्या मार्गावरच्या ढाबेवाल्याचं आणि पंक्चरवाल्याचं गिऱ्हाईक कमी झालं ते वेगळंच.

ट्रकवाल्यांकडून या विषयातलं बरंच शिकता येतं. भाडं ठरतं ते रिटर्न लोडवर. मुंबईहून विदर्भाकडे मोबाइल, औषधं, साबण, गाड्यांचे भाग भरून येतात. परतीला कापसाच्या गाठी, सोयाबीन किंवा संत्री मिळाली तर ठीक, पण ती हंगामी. माल नसला की ड्रायव्हर दोन दिवस ट्रान्सपोर्टच्या आवारात थांबतो किंवा पडेल भावात काहीतरी भरतो. विदर्भातून वर्षभर नियमित माल निघाला की हे बदलेल, पण हा माल रस्त्यामुळे आपोआप तयार होत नाही, त्यासाठी कारखाना आणि गोदाम लागतं. मूळ आराखड्यात मार्गालगत नवनगरं, म्हणजे कृषी समृद्धी केंद्रं, होती ती यासाठीच. रस्ता आधी झाला, नवनगरं मागे राहिली. माझ्या मते प्रकल्पाचं खरं यशापयश तिथेच ठरणार आहे.

संत्र्याचं बघा. काटोल, वरूड, मोर्शीच्या पट्ट्यात बागा भरपूर, पण बहुतेक फळ ताजंच विकलं जातं. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की इथला भाव कोसळतो. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या फळप्रक्रिया प्रकल्पाचं भूमिपूजन २०१६ मध्ये झालं आणि तो चालू झाला मार्च २०२५ मध्ये. साडेआठ वर्षं बागायतदार ताज्या फळाच्या भावावर अवलंबून राहिला.

म्हणजे रस्ते बांधूच नयेत?

नाही. वाईट रस्त्याचं संरक्षण फार महागडं असतं, रुग्णवाहिकेलाही ते तेवढंच लागू होतं. मात्र द्रुतगती मार्गाइतकीच गरज तालुक्याच्या गावापासून इंटरचेंजपर्यंतच्या रस्त्याची असते आणि त्याचं उद्घाटन मोठ्या थाटात होत नसल्यामुळे तो राहून जातो.

सरकार मागास भागातल्या उद्योगांना सवलती देतं. त्याने फरक पडतो का?

महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. तालुक्यांचे वर्ग पाडले आहेत: पुढारलेले 'ए' मध्ये, मागास होत जातील तसे 'बी', 'सी', 'डी', 'डी प्लस', आणि त्यापलीकडे विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त भाग. जितका मागास वर्ग, तितकी जास्त कर-परतफेड आणि जास्त वर्षं.

हे कुठे जमलं? वाळूज. १९८० च्या दशकाच्या मध्याला बजाज ऑटोने औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) कारखाना काढला. सवलती होत्या, एमआयडीसीची तयार जमीन होती, शहरात १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होतं आणि पुण्याचा ट्रक रात्रीत पोचत होता. मग सुटे भाग बनवणारे आले, त्यांच्यासाठी प्लेटिंग, फोर्जिंग, टूलरूम आले. आज तिथला पुरवठादार एकाच कंपनीवर अवलंबून नाही. सवलत संपली तरी उद्योग टिकला तो या साखळीमुळे.

जमत नाही तिथे काय होतं? सवलत भांडवली गुंतवणुकीच्या टक्क्यात मोजली जाते, म्हणून महागडी यंत्रं आणि थोडी माणसं असलेला कारखाना जास्त रक्कम घेऊन जातो. कारखानदार जास्त सवलतीचा वर्ग आणि पुण्याजवळचा तालुका अशी दोन्ही गणितं जुळवतो, त्यामुळे गाभ्याच्या कडेला पट्टी तयार होते आणि हिंगोली तसंच राहतं. मराठवाड्याच्या सरासरीत वाळूज-शेंद्र्याचे आकडे मिसळतात आणि परभणी-हिंगोली त्यामागे झाकली जातात.

'अनुशेष' म्हणजे काय? निधी देऊनही तो का भरत नाही?

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं आश्वासन दिलं होतं. ते किती पाळलं गेलं याचा हिशोब अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये मांडला. पद्धत साधी: रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने अशा प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा त्याहून जितका खाली तितका त्याचा अनुशेष, रुपयांत. एकूण आकडा ३,१८६ कोटी निघाला. त्यातला सुमारे ३९ टक्के विदर्भाचा, सुमारे साडेतेवीस टक्के मराठवाड्याचा आणि उरलेला उर्वरित महाराष्ट्राचा. उर्वरित महाराष्ट्राचाही वाटा होता ही बाब वादात सोयीस्करपणे विसरली जाते.

पुढे १९९४ मध्ये विभागवार समतोलावर लक्ष ठेवणारी वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

रुपयांत मोजण्याची अडचण अशी की रुपये दिले म्हणजे पाणी आलं असं होत नाही. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता मिळाली. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचं. भूमिपूजन १९८८ ला झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च १८ हजार कोटींपुढे गेला आणि चार दशकांनंतरही कालव्याची कामं शिल्लकच. धरणात पाणी आहे, पण वितरिका नाहीत तिथलं शेत कोरडवाहूच. खर्चाच्या रकान्यात हा पैसा विदर्भाला मिळाला, धानाच्या बांधावर तो पोचला नाही.

कोळसा आणि वीज विदर्भात. मग उद्योग तिथेच का नाहीत?

यात केंद्राच्या धोरणाचाही हात आहे. १९५० च्या दशकात भाडे समानीकरण धोरण आलं. पोलाद, कोळसा, सिमेंट यांसारखा माल देशभर साधारण एकाच दरात मिळावा म्हणून वाहतुकीचा फरक सरकारी व्यवस्थेतून भरून काढला जाई. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. सर्वात मोठा तोटा बिहार (आताचं झारखंड धरून), ओडिशा आणि पश्चिम बंगालचा झाला, कारण खाणीजवळ कारखाना काढण्याचा त्यांचा नैसर्गिक फायदाच पुसला गेला. लाभ झाला बंदराजवळच्या, आधीच पुढे असलेल्या भागांचा, म्हणजे मुंबई-ठाण्याचाही. देशाच्या नकाशावर आपण गाभ्यात बसलो होतो आणि राज्याच्या नकाशावर चंद्रपूर परिघात.

चंद्रपूर आणि कोराडीची वीज राज्यभर जाते आणि दर सगळीकडे सारखाच असे. राख आणि धूर मात्र चंद्रपूरकडेच. २०१६ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या उद्योगांना वीजदरात सवलत दिली गेली, तोपर्यंत गाभा बराच पुढे गेला होता.

अंतर कमी होतंय की वाढतंय, हे कसं ओळखायचं?

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न एकटं पाहू नका. ते उत्पादन कुठे झालं ते सांगतं, पैसा कुणाच्या हाती गेला ते नाही. खाणी आणि वीज केंद्र असलेला चंद्रपूर कागदावर बरा दिसतो, त्यातला नफा आणि मोठे पगार दुसरीकडे खर्च होतात.

माझा भर दोन गोष्टींवर असतो. पहिली, बँकांचं कर्ज-ठेव प्रमाण: जिल्ह्यातल्या ठेवींपैकी किती पैसा तिथेच कर्ज म्हणून परत आला. यातही एक खोच आहे. मोठ्या कंपन्यांची कर्जं मुंबईच्या शाखेतून मंजूर होतात आणि मुंबईच्या नावावर पडतात, मग वापर कुठेही होवो. म्हणून मंजुरीचं नव्हे, वापराच्या ठिकाणचं प्रमाण पाहावं. दुसरी गोष्ट, तिथून बाहेर जाणारा माल कुठल्या टप्प्यावर बाहेर पडतो. कापसाचंच घ्या: साधारण पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गाठ होते. विदर्भातली बहुतेक गाठ तमिळनाडू-गुजरातच्या सूतगिरण्यांकडे जाते. गाठीऐवजी सूत, सुताऐवजी कापड जाऊ लागलं तर समजावं की काहीतरी हललं आहे.

बाहेरच्या देशांनी हे सोडवलं का?

इटलीने १९५० मध्ये दक्षिणेसाठी स्वतंत्र निधी संस्था काढली आणि आधी सिंचन-रस्ते, मग कारखाने असा क्रम घेतला. १९६४ मध्ये मिलान-नापोली महामार्ग पूर्ण झाला आणि उत्तरेचा माल दक्षिणेत सहज पोचू लागला. तारांतोला प्रचंड पोलाद कारखाना उभारला, पण भोवती पुरवठादारांची साखळी फारशी तयार झाली नाही, म्हणून अशा कारखान्यांना तिथे 'वाळवंटातली कॅथेड्रलं' म्हणू लागले. पहिल्या दोन दशकांत अंतर काहीसं कमी झालं, नंतर ते थांबलं. दक्षिण आजही मागे आहे.

आमच्या तालुक्यातून नवा महामार्ग जातोय. ग्रामसभेने काय मागावं?

जमिनीच्या भावाइतकाच जोर या गोष्टींवर द्या. मार्गाखालच्या बोगद्याची उंची-रुंदी कापसाने भरलेल्या ट्रॉलीला आणि हार्वेस्टरला पुरेल एवढी आहे का, हे आराखड्यातच तपासा, नंतर काही होत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचणार नाही याचीही खात्री करून घ्या. दोन्ही बाजूंना सेवा रस्ता मागा आणि तो इंटरचेंजपर्यंत सलग हवा. इंटरचेंजजवळच्या जमिनी गुंतवणूकदार आधीच विकत घेऊन ठेवतात, म्हणून त्यातले काही एकर बाजार समिती किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामासाठी राखून ठेवावेत असा ठराव अधिसूचनेआधी करा. गोदाम अधिकृत असेल तर मालाच्या पावतीवर बँक कर्ज देते आणि सोयाबीन काढणीच्या आठवड्यात पडेल भावाने विकावं लागत नाही. मोबदल्याच्या पैशांतून शहरात फ्लॅट घेण्याआधी त्यातला काही भाग अशा कंपनीच्या भागभांडवलात घालायचा का, हाही विषय त्याच सभेत घ्या.